मळसूत्री दाब स्प्रिंगचे त्रिमितीय प्रतिरूपण

दाबल्यावर आखूड होणारी आणि सोडल्यावर मूळ लांबीवर येणारी, गोल तारेची वेटोळी घालून केलेली स्प्रिंग संगणकावर उभी करण्याची रूढ पद्धत अशी : आधी तारेच्या मध्यरेषेचा मळसूत्री वक्र, म्हणजे हेलिक्स, काढायचा आणि मग तारेच्या जाडीचे वर्तुळ त्या वक्रावरून फिरवायचे. या फिरवण्याला कॅडच्या भाषेत स्वीप म्हणतात. भोसरी, चाकण, पिंपरीकडच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत आणि पुण्यातल्या डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या प्रात्यक्षिकांत हा सराव नेहमीचा आहे. तारेचा व्यास, पिच आणि वेटोळ्यांची संख्या, त्यासोबत वेटोळ्याचा व्यास, एवढे आकडे दिले की पडद्यावर स्प्रिंग दिसू लागते. ती खऱ्या स्प्रिंगशी जुळते की नाही, हे मात्र दोन टोकांवर ठरते. ही नोंद मुख्यतः त्या टोकांविषयी आहे.

मध्यरेषेचे समीकरण सोपे आहे. इथे D हा वेटोळ्याचा मध्य-व्यास, p म्हणजे पिच आणि θ हा फिरलेला कोन.

```
x = (D/2)·cos θ
y = (D/2)·sin θ
z = p·θ / (2π)
```

पहिली गफलत D मध्येच होते. वर्निअरने मोजता येतो तो बाहेरचा व्यास. मध्यरेषेचा व्यास त्यातून तारेची एक जाडी वजा करून मिळतो. बाहेरचाच व्यास हेलिक्सला दिला, तर स्प्रिंग एका तारेने फुगते आणि जोडणीत नळीला घासते. पिचचेही तसेच. दोन वेटोळ्यांमधली मोकळी फट म्हणजे पिच नव्हे. फटीत तारेची जाडी मिळवली की पिच येते. एकाच फटीवर विसंबण्यापेक्षा मधल्या पाच पिचचे अंतर एकदम मोजून पाचाने भागावे.

वर्तुळ कोणत्या प्रतलावर

वर्तुळ मध्यरेषेला लंब असलेल्या प्रतलावर काढावे. घाईत ते स्प्रिंगचा अक्ष सामावणाऱ्या उभ्या प्रतलावर काढले जाते. त्यामुळे तार किंचित चपटी होते. पण नेहमीच्या पाच-सहा अंशांच्या चढाला ही चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहते, म्हणून ती सहसा लक्षातही येत नाही. आडव्या प्रतलावर वर्तुळ काढणे मात्र महागात पडते. OpenSCAD मध्ये अक्षापासून सरकवलेले वर्तुळ `linear_extrude` ला `twist` देऊन वर नेले की नेमके हेच घडते. वरून पाहिले तर सगळे ठीक वाटते, पण बाजूने पाहिले की २ मिमी तारेच्या जागी जेमतेम ०.२ मिमी जाडीची पट्टी वर चढताना दिसते. कारण त्या आदेशात काप अक्षाला लंब राहतो, तारेला नाही. SolidWorks मध्ये स्वीप करताना `Circular Profile` निवडले, तर वर्तुळ आपोआप मार्गाला लंब बसते आणि प्रतलाचा प्रश्नच उरत नाही. FreeCAD च्या स्वीपमध्ये काप मार्गाभोवती पिळू नये म्हणून `Frenet` चा पर्याय चालू ठेवावा. गोल तारेला पीळ पडला तरी आकारात फरक दिसत नाही, पण चौकोनी तारेच्या स्प्रिंगमध्ये तो लगेच उघडा पडतो.

एक मोजलेले उदाहरण

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात मिळावी अशी एक स्प्रिंग घेऊ. तार २ मिमी, बाहेरचा व्यास १८ मिमी, म्हणून मध्य-व्यास १६. मोकळी लांबी ३४ मिमी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मार्करने खूण करत मोजली तर वेटोळी आठ. दोन्ही टोके बंद आहेत, म्हणजे शेवटचे वेटोळे शेजारच्याला टेकलेले आहे. आणि स्प्रिंग सरळ उभी राहावी म्हणून ती ग्राइंडरवर सपाट घासलेली आहेत. अशी दोन टोकाची वेटोळी दबण्यात भाग घेत नाहीत, म्हणून काम करणारी वेटोळी सहा. मधल्या पाच पिचचे अंतर २७.२५ मिमी भरते, म्हणजे पिच ५.४५.

बंद आणि घासलेल्या टोकांसाठी पाठ्यपुस्तकातले सूत्र असे आहे : मोकळी लांबी म्हणजे पिच गुणिले काम करणारी वेटोळी, अधिक तारेची दुप्पट जाडी. आकडे घातले की ६ × ५.४५ + ४, म्हणजे ३६.७ मिमी येतात. हातातली स्प्रिंग तर ३४ ची आहे. मोजणीत चूक नाही आणि सूत्रातही नाही. सूत्राने गृहीत धरलेला आकार या स्प्रिंगचा नाही, एवढेच.

फरकाचा मोठा वाटा टोकाच्या वेटोळ्यापासून मधल्या वेटोळ्यापर्यंतच्या संक्रमणाचा आहे. टोकाच्या वेटोळ्याची पिच तारेइतकी, २ मिमी, मधल्याची ५.४५. कॉइलिंग मशीनवर तार एका पिचवरून दुसरीवर क्षणात उडी मारत नाही. समजा प्रत्येक बाजूला अर्ध्या वळशात पिच हळूहळू वाढते. त्या अर्ध्या वळशाची सरासरी पिच ३.७ च्या आसपास राहते. सहा काम करणाऱ्या वेटोळ्यांपैकी पाचच पुऱ्या पिचची उरतात, आणि दोन्ही बाजू मिळून सुमारे १.७ मिमी उंची कमी होते.

उरलेला एक मिलिमीटर घासण्यात जातो. सूत्र दोन्ही टोकांना तारेची अर्धी जाडी घासली असे मानते. पण टोकाचे वेटोळे दोनच मिलिमीटर चढते. अर्धी जाडी काढली, तर सपाटी फक्त अर्ध्या वळशावर येते आणि स्प्रिंग एका बाजूला कलते. सपाटी पाऊण वळसा, म्हणजे २७० अंश, मिळवायची तर आणखी पाव जाडी घासावी लागते. तारेच्या टोकाशी मग मूळ जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतकी, अर्ध्या मिलिमीटरची जीभ उरते. दुकानातल्या स्प्रिंगचे टोक बोटाने चाचपले तर ही पातळ जीभ लागते. प्रत्येक टोकाला अर्धा मिलिमीटर जास्तीचा गेला, दोन्हींचा मिळून एक.

म्हणून प्रतिरूपात एकसमान पिचचा हेलिक्स पुरत नाही. २ आणि ५.४५ पिचचे वेगवेगळे हेलिक्स काढून एकमेकांना जोडणे हाही चुकीचा उपाय आहे : सांध्यापाशी चढाचा कोन एकदम सव्वादोनहून सहा अंशांच्या पुढे जातो आणि स्वीप तिथे अडतो किंवा तारेला कोपरा पाडतो. SolidWorks मध्ये `Insert > Curve > Helix/Spiral` मध्ये `Variable Pitch` निवडून वळसा आणि पिच असा तक्ता भरणे सोपे जाते.

```
वळसा    पिच (मिमी)
0       2.02
1       2.02
1.5     5.45
6.5     5.45
7       2.02
8       2.02
```

याने मध्यरेषेची उंची ३५ मिमीच्या जवळ येते. स्वीप झाल्यावर मध्यरेषेच्या दोन्ही टोकांपासून ०.५ मिमी आत दोन आडवी प्रतले घ्यावीत आणि त्यांच्या बाहेरचे सगळे छाटावे. उरते ती ३४ मिमीची, पाऊण वळसा सपाट टोकांची स्प्रिंग. स्वीप आधी आणि छाटणी नंतर हा क्रम सोडू नये.

पिच २ ऐवजी २.०२ का, हा प्रश्न साहजिक आहे. टोकाच्या वेटोळ्याची पिच तारेइतकीच ठेवली तर तारेचे टोक पुढच्या वळशाला जेमतेम शिवते, आणि चढाच्या कोनामुळे खरे तर दीड-दोन सहस्रांश मिलिमीटर त्यात घुसतेही. अशा निसटत्या स्पर्शावर सॉफ्टवेअर शून्य जाडीची तक्रार करते. त्याहून वाईट म्हणजे कधी तक्रार न करता दोन वेटोळी एकसंध करून टाकते. मग सिम्युलेशनमध्ये टोक वेल्डिंग केल्यासारखे वागते. ०.०२ मिमीची फट ठेवली की दोन्ही गोष्टी टळतात. सिम्युलेशन करायचे असेल तर तिथे संपर्क वेगळा सांगावा लागतो.

प्रतिरूप बरोबर आले का

सर्वांत भरवशाची तपासणी वजनाची. तारेची लांबी सुमारे ४०४ मिमी भरते. पोलादाची घनता धरली तर घासण्याआधी १० ग्रॅम आणि घासल्यावर ९.३ ग्रॅमच्या आसपास वजन यायला हवे. सॉफ्टवेअरने दाखवलेले वजन आणि सराफी काट्यावरचे वजन यांत तफावत मोठी असेल, तर बहुधा वेटोळी मोजण्यात एकाची चूक झालेली असते. एक वेटोळे म्हणजे सव्वा ग्रॅम, ते काट्यावर लपत नाही.

दुसरी तपासणी ताठरपणाची. ती आकारावरून थेट निघते :

```
k = G·d⁴ / (8·D³·Na)
```

इथे k म्हणजे ताठरपणा, d म्हणजे तारेचा व्यास, Na म्हणजे काम करणारी वेटोळी आणि G म्हणजे धातूचा कर्तन-मापांक. स्प्रिंगच्या पोलादासाठी G सुमारे ७९,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरला, तर या स्प्रिंगचा ताठरपणा ६.४ न्यूटन प्रति मिमी येतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभी धरून ती ५ मिमी दाबली की काटा सव्वातीन किलोच्या आसपास दाखवेल. जास्त फरक पडला तर आधी तारेच्या व्यासावर संशय घ्यावा. सूत्रात तो चौथ्या घातात आहे : २ ऐवजी तार १.९५ ची निघाली तर ताठरपणा जवळजवळ दहा टक्क्यांनी उतरतो. रंग किंवा मुलामा चढवलेल्या स्प्रिंगवर वर्निअर लावला की ही चूक उलट दिशेने होते, मोजमाप जाड येते आणि हिशोबातली स्प्रिंग खरीपेक्षा कडक निघते.

पिच ही स्प्रिंगच्या ड्रॉइंगवर बहुधा फक्त संदर्भासाठी असते. बनवणाऱ्याला बांधून घेतात ते तारेचा व्यास, बाहेरचा किंवा आतला व्यास, एकूण वेटोळी, मोकळी लांबी आणि ठरावीक लांबीवरचा भार. तोच क्रम प्रतिरूपातही पाळणे शहाणपणाचे. मोकळी लांबी मुख्य आकडा ठेवावी आणि पिच तिच्यातून समीकरणाने काढावी; पिच हाताने भरून लांबी जी येईल ती मान्य करू नये. वळणाची दिशाही एकदा तपासावी. एकात एक बसणाऱ्या दोन स्प्रिंगा उलटसुलट वळणाच्या असतात, नाहीतर एकीची वेटोळी दुसरीच्या फटीत अडकतात.

जोडणीत स्प्रिंग दबलेली दाखवायची असेल तर वेटोळ्यांची संख्या तीच ठेवून फक्त मधली पिच कमी करतात. टोकाची वेटोळी तशीच राहतात. सगळी वेटोळी एकमेकांना टेकली की या स्प्रिंगची लांबी १५ मिमीच्या आसपास उतरते. तारेची लांबी मात्र बदलत नाही. उंची घटली की तार वेटोळ्याच्या घेरात थोडी जास्त मावते आणि व्यास किंचित वाढतो. इथे ही वाढ ०.०८ मिमी आहे. मोकळ्या भोकातल्या स्प्रिंगला तिचा त्रास नाही, पण १८.१ मिमीच्या नळीत ही स्प्रिंग पूर्ण दबायची असेल, तर प्रतिरूपात हा व्यासही बदलून पाहावा लागतो.