बावन्न वर्षांनी परतणारं नाव

१५१९ साली स्पॅनिश सरदार एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. अ‍ॅझटेक लोकांच्या गणनेत ते वर्ष होतं ‘एक बोरू’. १५२० हे ‘दोन गारगोटी’. १५२१ साली त्यांची राजधानी टेनोच्टिट्लान पडली, ते ‘तीन घर’. मग ‘चार ससा’ आणि त्यानंतर पुन्हा बोरू, पण आता ‘पाच बोरू’. आकडे १ ते १३, नावं फक्त चार. ‘एक बोरू’ परत आलं ते थेट १५७१ साली, म्हणजे बावन्न वर्षांनी.

ही चार नावं मुळात वर्षांची नव्हेत, दिवसांची आहेत. अ‍ॅझटेक पंचांगात दिवसाच्या नावाचे दोन भाग असत: १ ते १३ मधला एक आकडा आणि वीस चिन्हांपैकी एक चिन्ह. रोज दोन्ही एकेक घर पुढे सरकत आणि शेवटाला पोचले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. वर्षाला त्यातल्या एका ठरलेल्या दिवसाचं नाव मिळे. वर्ष ३६५ दिवसांचं. ३६५ ला १३ नं भागलं की बाकी १ उरते, २० नं भागलं की ५. म्हणून दरवर्षी आकडा एक घर सरकतो आणि चिन्ह पाच घरं.

गणितात अशा गोल फिरणाऱ्या चाकाला चक्रीय गट म्हणतात, आणि दोन चाकं शेजारी ठेवून बनलेल्या जोडीला त्या गटांचा सरळ गुणाकार. आपलं वर्षाचं पाऊल म्हणजे या जोडीतला एक घटक, (१, ५). हे पाऊल किती वेळा टाकलं की निघालो तिथेच पहिल्यांदा परत येतो, ती संख्या म्हणजे त्या घटकाची कोटी.

आधी एकेक चाक पाहू. आकड्याच्या चाकावर एकेक घर सरकायचं, म्हणून कोटी १३. चिन्हाच्या चाकावर वीस घरं आहेत, पण आपण पाच-पाचच्या उड्या मारतो. बोरू तेरावं चिन्ह. तिथून अठरावं गारगोटी, मग तिसरं ‘घर’, आठवं ससा, आणि चौथ्या उडीला पुन्हा तेरावं. कोटी ४. चाक वीस घरांचं आहे म्हणून इथे २० धरायचा मोह होतो, आणि हिशेब नेमका तिथे चुकतो. प्रश्न चाक केवढं आहे हा नाही, आपलं पाऊल त्यावर किती वेळात घरी येतं हा आहे.

आता दोन्ही एकत्र. आकडा घरी येतो तो १३, २६, ३९, ५२ अशा वर्षांनीच. अधल्यामधल्या कुठल्याही वर्षी नाही. चिन्ह घरी येतं ते ४ च्या पाढ्यातच. एक चाक दुसऱ्याकडे बघत नाही, त्यामुळे पूर्ण नाव परतायचं तर वर्षांची संख्या दोन्ही पाढ्यांत असायला हवी. अशी सर्वांत लहान संख्या म्हणजे शाळेतला लसावि, इथे ५२. चाकं तीन असोत की दहा, सिद्धता हीच.

बावन्न वर्षांच्या या गाठीला अ‍ॅझटेक लोक फार मानत. गाठ पूर्ण होई त्या रात्री चुली विझवत, घरातली भांडी फोडत, आणि डोंगरावर नवा अग्नी पेटला की तोच घरोघरी नेत. स्पॅनिश विजयापूर्वीचा असा शेवटचा सोहळा १५०७ सालचा, ‘दोन बोरू’ वर्षातला.

१३ आणि ४ ला सामाईक विभाजक नाही, म्हणून लसावि आणि गुणाकार एकच आले. सामाईक विभाजक असला की काय होतं ते माया लोकांच्या शिलालेखांत दिसतं. त्यांच्या तारखेत २६० दिवसांचं चक्र (तेच १३ आणि २० चं) आणि ३६५ दिवसांचं वर्ष शेजारी चालतं. कल्पनेत जोड्या ९४,९०० बनतात. पण २६० आणि ३६५ दोन्हींना ५ नं भाग जातो आणि लसावि १८,९८० येतो, म्हणजे पुन्हा बावन्न वर्षं. पाचातल्या चार जोड्या कधी उजाडतच नाहीत.

हे मला सर्वांत आवडतं, कारण ते दगडावर तपासता येतं. वीस चिन्हांपैकी ‘अहाव’ हे एक. अभिजात काळातल्या लेखांत अहावच्या दिवशी महिन्याची तारीख ३, ८, १३ किंवा १८ च असते. महिना वीस दिवसांचा आणि वर्षअखेरीचे सुटे दिवस पाच, म्हणून पाचनं भागल्यावरची बाकी वर्षानुवर्षं बदलत नाही. दिवस सलग मोजणाऱ्या त्यांच्या दीर्घ गणनेचा आरंभ ‘४ अहाव, ८ कुमकू’; कुमकू हे महिन्याचं नाव. २१ डिसेंबर २०१२ हा ‘४ अहाव, ३ कानकिन’; कानकिन हाही महिनाच.

माया अंकांत एक ठिपका म्हणजे १ आणि एक रेघ म्हणजे ५. सात म्हणजे रेघेवर दोन ठिपके, पण कोरणारे मधली जागा नक्षीनं भरत, आणि झिजलेल्या दगडावर ती नक्षी तिसऱ्या ठिपक्यासारखी भासते. सात की आठ? शेजारी अहाव असेल तर तारीख आठच. ३, ८, १३, १८ या चारही आकड्यांत रेघा कमी-जास्त होतात, ठिपके मात्र प्रत्येक वेळी तीनच असतात.