उलट भाषांतर जुळलं, पण 'ब्लॉक' कुठला?

एसएफ-३६ ही आरोग्याविषयीची प्रश्नावली १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. चालण्याबद्दलच्या तिच्या एका प्रश्नात अंतर दिलं होतं ते 'सेव्हरल ब्लॉक्स', म्हणजे दोन चौकांमधल्या रस्त्याचे काही तुकडे. समजा, मराठी करणाऱ्याने घाईत लिहिलं, 'बरेच ब्लॉक चालताना अडचण येते का?' हे वाक्य मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाला दिलं आणि इंग्रजीत परत आणायला सांगितलं, तर ते जवळपास शब्दाला शब्द परत येईल. भाषांतर तपासायच्या या पद्धतीला उलट भाषांतर म्हणतात. कागदावर सगळं जुळेल. पण 'ब्लॉक' म्हटल्यावर मराठी वाचकाला राहायचा फ्लॅट आठवेल, फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक आठवतील, रेल्वेचा मेगाब्लॉक आठवेल. अंतर काही आठवणार नाही.

तपासणी पास आणि प्रश्न नापास, असं का होतं ते समजायला ही तपासणी कुणाच्या गरजेतून आली ते पाहावं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मानसशास्त्रज्ञ आणि जनमत चाचण्या घेणारे लोक स्वतःला न येणाऱ्या भाषांमध्ये प्रश्न विचारू लागले. भाषांतर हातात पडलं तरी ते बरं की वाईट हे त्यांना वाचून कळत नसे. दुसऱ्या दुभाषिकाकडून तेच परत इंग्रजीत करून घेतलं की मूळ आणि परत आलेला मजकूर शेजारी ठेवून तुलना करता येई. उलट भाषांतर ही अशा रीतीने लक्ष्यभाषा न येणाऱ्या संशोधकासाठी केलेली खिडकी होती. मराठी वाचता येणारा संशोधक तीच खिडकी वापरतो तेव्हा हे विसरतो, आणि मला वाटतं बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

या पद्धतीचा पाया म्हणून ज्या लेखाचा दाखला आजही दिला जातो, तो रिचर्ड ब्रिस्लिन यांचा १९७० सालचा. ग्वाम विद्यापीठातल्या ९४ दुभाषिकांकडून त्यांनी दहा भाषांमध्ये भाषांतरं आणि उलट भाषांतरं करून घेतली होती. उलट भाषांतर जुळूनही फसगत कशी होऊ शकते, हेही त्यांनी त्याच लेखात सांगून ठेवलं होतं. दोन्ही भाषांतरकारांच्या डोक्यात शब्दांच्या ठरलेल्या जोड्या सारख्याच असू शकतात, मग अर्थ पुरता जुळत असो वा नसो. उलट भाषांतर करणारा हुशार असला तर बिघडलेल्या वाक्यातूनही तो नीट अर्थ काढतो. आणि पहिल्या भाषांतरात इंग्रजीची वाक्यरचना तशीच राहिली असेल, तर ते परत नेणं फार सोपं जातं. एकच भाषा येणाऱ्या माणसाला मात्र ते कळत नाही.

मराठीत ही तिसरी फसगत सर्वांत जास्त होते. उलट भाषांतर शक्यतो मूळ प्रश्नावलीची भाषा जिची मातृभाषा आहे अशा व्यक्तीने करावं असा संकेत आहे. इंग्रजी मातृभाषा आणि मराठीही उत्तम, अशी माणसं शोधून सापडायची मारामार. त्यामुळे हे काम बहुधा शाळेत इंग्रजी शिकलेले मराठी भाषकच करतात. 'गेल्या काही काळात आपण चिंताग्रस्ततेचा अनुभव घेतला आहे का?' या वाक्याखालचं इंग्रजी त्यांना लगेच दिसतं. घरी कुणी असं विचारत नाही हे मात्र खटकत नाही, कारण त्यांच्याकडे मागितलेलं असतं फक्त इंग्रजी.

ही खिडकी आणखी एका बाबतीत आंधळी आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी याकडे फार कमी लक्ष दिलंय. इंग्रजीत ज्याला जागाच नाही, ते उलट भाषांतरात दिसूच शकत नाही. 'मी लवकर थकलो' आणि 'मी लवकर थकले' या दोन्हींचं इंग्रजी एकच होतं. सगळी विधानं पुल्लिंगी ठेवलेली प्रश्नावली तपासणीतून निर्दोष बाहेर येते आणि पुढे प्रत्येक बाईला दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य स्वतःला लावून पाहावं लागतं. 'मला लवकर थकवा येतो' असं लिहिलं की अडचण मिटते, पण ती आहे हे उलट भाषांतर सांगणार नाही. 'तू' आणि 'तुम्ही', 'आम्ही' आणि 'आपण' यांचंही तेच.

उलट प्रकारही घडतो. 'टू वीक्स'साठी 'पंधरा दिवस' लिहिलं की परत 'फिफ्टीन डेज' येतं आणि तुलनेच्या तक्त्यात लाल खूण पडते. खरं तर मराठीत दोन आठवड्यांना सहज तोंडी येतात ते पंधरा दिवसच. ही खूण पुसायला वाक्य बदललं तर चांगलं मराठी घालवून बसाल.

१९७० मध्येच ऑस्वाल्ड वर्नर आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी वेगळी वाट सुचवली होती. मूळ मजकूर पवित्र मानू नका, भाषांतर अडलं तर मूळच बदला, असं त्यांचं म्हणणं. एसएफ-३६ च्या दुसऱ्या आवृत्तीत तसंच काहीसं झालं: 'ब्लॉक्स' जाऊन तिथे काहीशे यार्ड आले. पण आपल्या हातात सहसा दुसऱ्याच्या मालकीची, पक्की झालेली प्रश्नावली असते आणि मूळ बदलायची मुभा नसते.

२००० साली डॉर्कस बीटन आणि सहकाऱ्यांनी मांडलेला क्रम आज सर्रास पाळला जातो. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, त्यातल्या एकाला विषयाची माहिती असावी, दुसऱ्याला नसावी. मग दोन्ही मिळवून एक मसुदा, त्याची दोन स्वतंत्र उलट भाषांतरं, सगळ्यांची समिती, आणि शेवटी ३० ते ४० जणांवर चाचणी. उलट भाषांतरकार त्या विषयातले नसावेत ही अट वरवर किरकोळ वाटते, पण तिला कारण आहे. प्रसिद्ध प्रश्नावलीचं वाक्य मानसशास्त्राच्या माणसाने ओळखलं, की तो मराठीवरून नव्हे, आठवणीतून मूळ वाक्य लिहून देतो. दुसरीकडे, २००२ पासून चालणाऱ्या युरोपियन सोशल सर्व्हेने भाषांतर तपासायला उलट भाषांतराऐवजी समितीने एकत्र बसून चर्चा करण्याची पद्धत घेतली.

चाचणीत ३० जण का, याचं साधं गणित करून पाहता येतं. एखादा शब्द दहातल्या एका माणसाला अडत असेल, तर दहा जणांत तो निदान एकदा अडण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के, आणि तीस जणांत सुमारे ९६ टक्के. अडलेले शब्द सापडायला एवढी संख्या पुरते. प्रश्नावलीची विश्वासार्हता किंवा घटकरचना, म्हणजे कोणते प्रश्न एकाच गोष्टीचं माप घेतात हे, ठरवायला ती पुरत नाही. त्यासाठी शेकड्यांनी माणसं लागतात. तीस जणांवर काढलेला क्रोनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा विश्वासार्हतेचा आकडा, 'प्रमाणीकरण झालं' म्हणून छापतात, ते चूक आहे.

तीस जणांनी फॉर्म भरून दिला म्हणजेही चाचणी झाली असं नाही, कारण न समजलेल्या प्रश्नावरही माणूस खूण करतो. १९८० च्या दशकात सर्वेक्षण संशोधक आणि बोधात्मक मानसशास्त्रज्ञ एकत्र आले आणि उत्तर देणाऱ्याला समोर बसवून विचारायची रीत रुळली: हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा, हे उत्तर कसं ठरवलंत, कोणता दिवस डोळ्यासमोर होता?

चालण्याचाच प्रश्न घ्या. 'ब्लॉक' काढून मसुद्यात 'पाच-सात मिनिटांच्या अंतरावर चालत जाणे' असं घातलं, असं समजा. मराठीत अंतर वेळेत सांगायची सवय आहे, वाक्य सहज वाटतं, उलट भाषांतरही स्वच्छ येतं. मग गुडघे दुखणाऱ्या बाईंना विचारलं, की पाच-सात मिनिटं म्हणजे कुठवर, आणि त्या म्हणाल्या, "माझ्या चालीने कोपऱ्यापर्यंत." शेजारचा धडधाकट तरुण त्याच मिनिटांत अर्धा किलोमीटर पार करतो. ज्याला चालता येत नाही, त्याचंच अंतर आपोआप लहान झालं आणि त्याने लिहिलं, 'अडचण नाही'. जे मोजायचं होतं तेच मापात मिसळलं. मिनिटं काढून 'अर्धा किलोमीटर' लिहायचं, ते किती असतं हे ओळखीच्या ठिकाणाच्या आधारे सांगायला लावायचं, आणि बदललेला प्रश्न नव्या माणसांपुढे पुन्हा ठेवायचा.