एक वाढलं, दुसरं घटलं, म्हणून व्यस्त चलन?

“एक राशी वाढली की दुसरी कमी होते, म्हणजे व्यस्त चलनच. एका जोडीवरून स्थिरांक k काढला की गणित सुटलं, नाही का?”

नाही. y = 10 − x मध्येही एक वाढलं की दुसरं घटतं, पण ते व्यस्त चलन नव्हे. व्यस्त चलनात दोन्हींचा गुणाकार कायम राहावा लागतो.

एका लहान दिव्याचा प्रकाश 2 मीटरवर 18 लक्स, 3 मीटरवर 8 आणि 6 मीटरवर 2 लक्स पडतो. प्रकाश E आणि अंतर d धरून पहिल्या जोडीवरून E = 36/d मांडलं, तर 6 मीटरवर 6 लक्स येतात, म्हणजे खऱ्याच्या तिप्पट. एका जोडीवरून k नेहमीच निघतो, सूत्र चुकीचं असलं तरी! म्हणून दुसऱ्या जोडीवर पडताळा हवाच. इथे E × d हे 36, 24, 12 असं बदलतं. E × d² मात्र तिन्ही वेळा 72. म्हणजे E = 72/d².

आता संयुक्त चलन, म्हणजे एक राशी एकाहून जास्त राशींवर अवलंबून असते ते. दिवे एकाच जातीचे असतील, तर प्रकाश वॅटच्या, म्हणजे P च्या, समप्रमाणातही असतो: E = kP/d². वरचा दिवा 36 वॅटचा असेल तर 18 = k × 36/4, म्हणून k = 2. मग 50 वॅटचा दिवा 5 मीटरवर 2 × 50/25 = 4 लक्स देईल. वर्ग फक्त d चा. P चाही वर्ग करण्याची चूक फार होते.

d = 0 ला हे फल अर्थहीन आहे. दिव्याच्या अगदी जवळही सूत्र चालत नाही, कारण तिथे दिवा बिंदूसारखा राहत नाही.