ऑनलाइन गादी परत करताना ‘वापरलेली’ कशाला म्हणतात? शंभर रात्रींची अट, कागदपत्रं आणि अर्ज

‘शंभर रात्री झोपून बघा, नाही आवडली तर पैसे परत’ ही जाहिरात वाचून आमच्या परभणीच्या मावशीने गेल्या मार्चमध्ये फोमची गादी मागवली. माप 72 बाय 60 इंच, जाडी 6 इंच. सोबत दोन उशा ‘मोफत’. बिल 14,999 रुपयांचं. जूनमध्ये परत करायला गेली तेव्हा अॅपवर उत्तर आलं, ‘वस्तू वापरलेली आढळली, विनंती नामंजूर.’ मावशी चिडून म्हणाली, “मग काय शंभर रात्री गादीकडे नुसतं बघत बसायचं होतं?”

तिचा प्रश्न बरोबर होता, पण कंपनी पूर्णपणे चूक होती असंही नाही. गादी आणि उशी यांच्यासाठी ‘वापरलेली’ या शब्दाचे अर्थ वेगळे आहेत.

गादीच्या ट्रायलमध्ये झोपणं हा वापर धरलाच जात नाही, त्यासाठीच तर ट्रायल असते. तिथे बघतात ते नुकसान: डाग, ओल, जळाल्याची खूण, फाटलेलं किंवा धुतलेलं कव्हर, कापून काढलेलं लेबल. उशीला बहुतेक ठिकाणी ट्रायलच नसते. तोंड-केस लागतात म्हणून ती स्वच्छतेच्या वस्तूंत मोडते आणि सीलबंद पिशवी फोडली की ‘वापरलेली’ ठरते, मग एक रात्रही डोकं टेकवलेलं नसो. म्हणून उशी आली की आधी पारदर्शक पिशवीतूनच माप, जाडी आणि शिवण बघा. सदोष किंवा वेगळीच आली असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा पिशवी फोडली तरी परतीचा हक्क राहतो.

ट्रायल कोणाला मिळते, हेही खरेदीआधी बघायला हवं. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घेतलेल्या गादीला शंभर रात्री असतात. तीच गादी एखाद्या मोठ्या बाजार-अॅपवरून घेतली तर बऱ्याचदा फक्त सात-दहा दिवसांची बदली मिळते. सुताराकडून बनवलेल्या पलंगासाठी खास मापाची गादी करून घेतली तर ट्रायल सहसा नसतेच, आणि आपल्याकडे असे पलंग घरोघरी आहेत. माप चुकीचं सांगितलं ही सबबही चालत नाही. शिवाय ट्रायल पिनकोडवर अवलंबून असते. गादी गावात पोचते, पण तिथून परत न्यायची सोय कंपनीकडे असेलच असं नाही. ऑर्डर देण्याआधी चॅटवर ‘या पिनकोडवरून परत उचलणार का’ असं विचारून घ्या आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. ट्रायलच्या अटींच्या पानाचाही त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढा, कारण अटी नंतर बदलतात.

आता तारखेचं बघू. मावशीकडे गादी 3 मार्चला आली. घरात लग्न होतं म्हणून गुंडाळी 9 मार्चला उघडली. तिने मोजणी 9 पासून धरली होती, पण अटींत दिवस डिलिव्हरीपासून मोजायचे होते. 3 मार्चची रात्र पहिली धरली तर शंभरावी रात्र 10 जूनची येते. तिने 5 जूनला अर्ज केला म्हणून वाचली. 12 जूनला केला असता तर बोलायला जागाच राहिली नसती.

तिची मूळ तक्रार कंबरदुखीची होती. मार्चमध्ये बरी वाटणारी गादी मेमध्ये खड्ड्यासारखी लागायला लागली. यात नवल नाही: मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो आणि परभणीचा मे महिना तर सगळ्यांना माहीत आहे. हिवाळ्यात गादी घेतली तर ट्रायल ऊन पडायच्या आत संपू शकते, तेव्हा घ्यायचीच असेल तर फेब्रुवारी-मार्च बरा.

पण अर्ज अडला डागावर. पायथ्याला कूलर. त्याचे तुषार रोज एका कोपऱ्यावर पडत आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने तिथे फिकट पिवळं कडं उमटलं. मावशीच्या लेखी ते पाणी. फोटो बघणाऱ्याच्या लेखी डाग. गादी गच्चीवर नेणं, उन्हात टाकणं, कव्हर घरीच धुणं ही आपली कापसाच्या गादीची सवय इथे नडते. पहिल्या रात्रीपासून जलरोधक प्रोटेक्टर घाला आणि कूलरचं तोंड वळवा.

अर्ज फोनवर करू नका, अॅपवर किंवा ईमेलने करा आणि तक्रार क्रमांक घ्या. सोबत बिल, डिलिव्हरीच्या तारखेचा पुरावा, चारही बाजूंचे, वरचा-खालचा आणि लेबलचा असे फोटो द्या. रोखीने पैसे दिले असतील तर बँक खात्याचा तपशीलही लागतो. कंपनी बहुधा आधी गादीवर अंथरायचा जाड टॉपर किंवा दुसरी गादी देऊ करते. ते स्वीकारल्यावर पैसे परत मागायचा हक्क उरतो का, हे लेखी विचारल्याशिवाय हो म्हणू नका. उघडलेली गादी पुन्हा गुंडाळून पॅक होत नाही, म्हणून काही कंपन्या ती संस्थेला दान करून पावती पाठवायला सांगतात. माणूस न्यायला आला तर उचलल्याच्या पावतीवर त्याने काय लिहिलं ते वाचूनच सही करा. ‘डाग आहे’ लिहिलं आणि तुम्हाला ते मान्य नसेल तर तिथेच ‘अमान्य’ लिहा.

मावशीने नामंजुरीला एका ओळीत उत्तर दिलं: ‘कोणत्या अटीनुसार वापरलेली, ती अट दाखवा.’ ‘वापरलेली’ हा शब्द मग मागे पडला आणि डागाची अट पुढे आली. डाग वरच्या चेनच्या कव्हरला होता, फोम कोरडा होता. चेन उघडून त्याचा फोटो पाठवल्यावर कंपनीने कव्हरचे 1,400 कापून गादी परत घ्यायचं मान्य केलं. उशा उघडल्या होत्या, त्यांचे 1,200 कापले. ‘मोफत’ वस्तूची किंमत परतीच्या वेळी अशी निघते. हातात 12,399 आले. दुसरी कंपनी डागासाठी सरळ नकार देऊ शकली असती, आणि अटींत तसं असतं तर फार काही करता आलं नसतं.

कारण ‘आवडली नाही’ म्हणून परत करायचा हक्क कायद्यातून येत नाही, तो कंपनीने दिलेल्या वचनातून येतो. ई-कॉमर्स नियम, 2020 वेगळ्या गोष्टीला संरक्षण देतात: माल सदोष असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. 6 इंच सांगून 5 इंच आली, तर ट्रायल संपलेली असली तरी तक्रार उभी राहते. मोजपट्टीसकट फोटो काढा, मात्र गुंडाळी उघडून दोन-तीन दिवसांनी, फोम पूर्ण फुगल्यावर.

जाहिरातीत ट्रायल देऊन नंतर नाकारत असतील तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि कंपनी बेंगळुरूची असली तरी तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. अर्ज e-Jagriti पोर्टलवरूनही होतो. सोबत बिल, अटींचा स्क्रीनशॉट, सगळा पत्रव्यवहार, ओळखपत्र आणि प्रतिज्ञापत्र जोडा.