ब्लूटूथ जोडलं म्हणजे मिडी जोडलं? नाही

"फोनच्या ब्लूटूथमध्ये पियानो कनेक्टेड दिसतोय, गाणंही पियानोच्या स्पीकरवर वाजतंय, मग शिकायचं ॲप माझे सूर का ओळखत नाही?"

कारण जोडलं गेलंय ते ऑडिओ, मिडी नाही, आणि ही दोन वेगळी कनेक्शन्स आहेत. ऑडिओत फोनचा आवाज पियानोकडे जातो, मिडीत आवाज जातच नाही, मधला C दाबलात की फक्त "६० नंबरची पट्टी, इतक्या जोरात" एवढाच निरोप फोनकडे येतो आणि ॲपला तोच हवा असतो.

रोलँडच्या FP-30X या डिजिटल पियानोत दोन्ही आहेत. आयफोनच्या सेटिंगमध्ये त्याचं मिडीवालं नाव दिसलं तरी तिथून जोडू नका, आधी जोडलं असेल तर Forget करा, मग ॲप उघडून त्याच्याच मिडी सेटिंगमधून जोडा. लोकेशनची परवानगी मागितली तर द्या, काही अँड्रॉइडवर त्याशिवाय पियानो सापडतच नाही.

केबलने जोडणार असाल तर पियानोचं चौकोनी USB COMPUTER पोर्ट वापरा, पेनड्राइव्हचं चपटं नाही, आणि फोनच्या बाजूला ओटीजीसारखा ॲडॅप्टर लागू शकतो. वाजवण्याचा स्पीड वाढवल्यावर ब्लूटूथवर सूर उशिरा पोचतोय असं वाटलं तर मी तरी सरळ केबलच लावतो.