यूएसबी हबवरची साधने अचानक का तुटतात?

माझ्या लॅपटॉपच्या एका यूएसबी ३.० पोर्टला चार तोंडांचा हब जोडलेला होता आणि त्यावर कीबोर्ड, माऊस, कॅमेरा एवढीच साधने असेपर्यंत सारे सुरळीत चालले होते. चौथ्या तोंडात फिरत्या तबकडीची पोर्टेबल हार्ड डिस्क लावली, त्या दिवसापासून मात्र मधूनच सगळी साधने एकदम गायब होऊन दोन-तीन सेकंदांनी परत येऊ लागली. बिघाड हबमध्ये असावा असे प्रथम वाटले, पण नीट पाहिल्यावर लक्षात आले की विश्रांती घेणारी डिस्क पुन्हा फिरू लागते, नेमक्या त्याच क्षणी हे घडते.

स्वतःचा ॲडॉप्टर नसलेला हब वीज निर्माण करत नाही. लॅपटॉपच्या एका पोर्टमधून मिळणारी वीजच तो सर्वांना वाटून देतो. मानकानुसार यूएसबी २.० चा पोर्ट ५०० आणि ३.० चा पोर्ट ९०० मिलिअँपिअर देण्यास बांधील असतो. माझा हब, कीबोर्ड, माऊस आणि कॅमेरा मिळून अंदाजे ४५० मिलिअँपिअर घेत होते. डिस्क एकदा फिरू लागली की तिचेही तेवढ्यात भागते, पण स्थिर तबकडीला गती देताना तिला काही क्षण सुमारे ९५० मिलिअँपिअर लागतात. म्हणजे मागणी एकूण १४०० च्या घरात जाते.

पुष्कळ पोर्ट मर्यादा ओलांडताच वीज तोडत नाहीत, म्हणून खरा घात व्होल्टेज करते. हबच्या एक मीटर लांबीच्या बारीक केबलमध्ये जाणारी आणि येणारी तार मिळून साधारण ०.४३ ओहम रोध असतो, त्यामुळे १.४ अँपिअरला त्यातच ०.६ व्होल्ट खर्ची पडतात आणि हबपाशी ५ ऐवजी जेमतेम ४.४ व्होल्ट उरतात. त्यापुढे डिस्कची स्वतःची केबल आहेच. एवढ्या घसरणीने हबमधली चिप स्वतःच नव्याने सुरू झाली, की तिच्यावरची सगळी साधने एकत्र तुटतात. एकच साधन वारंवार तुटत असेल, तर आधी त्या साधनाची केबल किंवा खाच तपासावी.

लिनक्सवर `dmesg` चालवल्यास आधी हबची आणि पाठोपाठ इतर साधनांची अशी नोंद दिसते:

```
usb 2-1: USB disconnect, device number 7
```

`lsusb -v` मध्ये प्रत्येक साधनाचा `MaxPower` कळतो, मात्र तो साधनाने स्वतः जाहीर केलेला आकडा असतो, मोजलेला नव्हे. शिवाय काही स्वस्त हब ॲडॉप्टर नसतानाही आपण स्वतःच्या विजेवर चालतो असे संगणकाला सांगतात, त्यामुळे संगणक जादा साधनांना नकार देत नाही.

फिरती डिस्क इतर साधनांसोबत लावायची असेल, किंवा जाहीर आकड्यांची बेरीज पोर्टच्या मर्यादेजवळ जात असेल, तर ॲडॉप्टरचा हब घ्यावाच. त्याच्या ॲडॉप्टरवरचा आकडाही वाचावा, कारण सात तोंडांच्या हबला ५ व्होल्ट, २ अँपिअरचा ॲडॉप्टर असेल, तर दोन डिस्क एकाच वेळी सुरू होताना तोही अपुरा पडू शकतो. मी ४ अँपिअरचा घेतला आणि त्यानंतर डिस्क जागी होताना कीबोर्ड एकदाही तुटलेला नाही.