विजेटचं माप डीपीत, लाँचरचा हिशेब घरांत

फोनच्या होम स्क्रीनवर चार रकान्यांचा ग्रिड पाच रकान्यांचा केला, की आयकॉन लहान होऊन नीट बसतात. दिनदर्शिकेच्या विजेटमधला शनिवार मात्र अर्धवट कापला जातो. माझ्या आत्याच्या फोनवर नेमकं हेच झालं होतं, आणि विजेट बिघडलं असं समजून तिने ते काढून टाकलं. विजेट बिघडलं नव्हतं. त्याच्या मापाची आणि होम स्क्रीनच्या मापाची एकके वेगळी आहेत, आणि हा तिढा जवळजवळ अँड्रॉइडइतकाच जुना आहे.

एप्रिल २००९मध्ये आलेल्या अँड्रॉइड १.५ने बाहेरच्या डेव्हलपरांना होम स्क्रीनवर विजेट ठेवण्याची वाट पहिल्यांदा खुली केली. तेव्हाचा नमुना फोन म्हणजे ३२० बाय ४८० पिक्सेलच्या पडद्याचा जी१. त्याची होम स्क्रीन चार रकाने आणि चार ओळींची होती, आणि उभ्या फोनवर एक घर साधारण ८० डीपी रुंद असायचं. डीपी म्हणजे पडद्याच्या घनतेवर न अवलंबणारं माप. डेव्हलपरला घरांची संख्या सांगायची सोय नव्हती. त्याने `minWidth` आणि `minHeight` डीपीत द्यायचे, आणि लाँचरने, म्हणजे होम स्क्रीन दाखवणाऱ्या ॲपने, भागाकार करून वरच्या पूर्णांकापर्यंत घरं मोजायची. त्यासाठी दस्तऐवजात सूत्र दिलं होतं: घरांची संख्या गुणिले ७४, वजा २. चार घरांसाठी २९४ डीपी. अँड्रॉइड ४.०च्या काळात ते ७० गुणिले घरं, वजा ३० असं बदललं, म्हणजे चार घरांना २५० आणि दोन घरांना ११०. आजही असंख्य विजेटांत हेच २५० आणि ११० सापडतात.

या सूत्रामागे घराची रुंदी सगळीकडे साधारण सारखी असेल हे गृहीत होतं. पडदे मोठे झाले, प्रत्येक कंपनीने आपला लाँचर आणला, आणि ग्रिड निवडण्याचा अधिकार वापरणाऱ्याच्या हातात आला. गृहीतक मोडलं, सूत्र मात्र राहिलं.

आत्याच्या फोनचा हिशेब मांडू. पडदा १०८० पिक्सेल रुंद, घनता इंचाला ४२०. डीपी काढायला १०८०ला १६०ने गुणून ४२०ने भागायचं: साधारण ४११ डीपी. दोन्ही कडांची मिळून २२ डीपी जागा सोडली तर ३८९ उरतात. चार रकान्यांत प्रत्येक घर ९७ डीपीचं. विजेटने २५० डीपी मागितले, तर लाँचर तीन घरं देतो, म्हणजे सुमारे २९१ डीपी. ऐसपैस जागा. आता ग्रिड पाच रकान्यांचा केला. घर ७८ डीपीचं झालं. नव्याने ठेवलं असतं तर विजेटला चार घरं मिळाली असती. पण ते आधीपासून पडद्यावर होतं, आणि लाँचरने आपल्या नोंदवहीत त्याची रुंदी डीपीत लिहिलेली नाही. गुगलच्या मूळ लाँचरमध्ये ही नोंदवही `launcher.db` नावाच्या डेटाबेसमध्ये असते, आणि प्रत्येक वस्तूपुढे चार आकडे असतात: `cellX`, `cellY`, `spanX`, `spanY`. विजेटचा `spanX` तीन होता तो तीनच राहिला. तीन घरं म्हणजे आता २३३ डीपी. आठवड्याचे सात रकाने प्रत्येकी ३५ डीपीचे ठरवलेले, एकूण २४५. बारा डीपी कमी पडले, आणि रविवारपासून सुरू होणाऱ्या आठवड्याच्या शेवटी असलेल्या शनिवारचा एक तृतीयांश भाग गेला.

विजेटला हे कळत कसं नाही, असा प्रश्न रास्त आहे. विजेट ज्या ॲपचं आहे ते ॲप पडद्यावर चालत नसतं. ते लाँचरला `RemoteViews` नावाची पाककृती पाठवतं: इथे मजकूर, इथे चित्र. स्वयंपाक लाँचर करतो. सुरुवातीच्या वर्षांत किती मोठ्या ताटात वाढणार हे ॲपला कळायची सोयच नव्हती. २०११मध्ये अँड्रॉइड ३.१ने विजेट ओढून लहान-मोठं करायची सोय दिली, पण आकार बदलल्याची वर्दी ॲपला मिळू लागली ती २०१२च्या ४.१मध्ये, `onAppWidgetOptionsChanged`द्वारे. तीही एकच अचूक माप देत नव्हती. किमान आणि कमाल असे आकडे येत, कारण फोन आडवा केला की घरांचं रूप बदलतं. वर्षभराचं हे अंतर मला या इतिहासातली सर्वांत महागडी उणीव वाटते. त्या काळात लिहिलेली कित्येक विजेटं ताणली जातात, पण आतला मजकूर जागचा हलत नाही.

आयकॉनवर विजेट चढण्याचं कारण वेगळं आहे. मूळ लाँचर प्रत्येक घर भरलेलं आहे की रिकामं याचा तक्ता ठेवतो. सुरू होताना दोन वस्तू एकाच घरात आढळल्या तर नंतर वाचलेली वस्तू तो नोंदवहीतून काढून टाकतो. म्हणून तिथे खरी टक्कर सहसा दिसत नाही. वस्तू गायब झालेली दिसते. नोव्हासारख्या लाँचरने मात्र विजेट दुसऱ्या वस्तूवर ठेवायची मुभा मुद्दाम दिली, आणि अर्ध्या घरावर वस्तू ठेवायचीही. तिथे वस्तू एकमेकींवर आल्या तर आधी ही सेटिंग पाहावी. चिकटल्यासारखं दिसण्याचं आणखी एक जुनं कारण आहे. ४.०पूर्वी विजेटभोवतीची मोकळी जागा डेव्हलपरने स्वतः सोडायची होती, आणि न सोडल्यास कडा थेट शेजारच्या आयकॉनला भिडे. ४.०साठी लिहिलेल्या ॲपना ही जागा आपोआप मिळू लागली.

ग्रिड लहान करताना गणित उलटं चालतं. पाच रकाने व्यापणारं विजेट चार रकान्यांत आणायचं तर ते आक्रसावं लागतं, आणि त्याचं किमान माप आड आलं तर त्याला जागाच उरत नाही. बाकीच्या न मावणाऱ्या वस्तू पुढच्या पानावर जातात. सॅमसंगमध्ये ही निवड होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये ग्रिड या नावाने असते, तर पिक्सेलमध्ये वॉलपेपर आणि स्टाइलच्या पडद्यावर.

२०२१च्या अँड्रॉइड १२ने अखेर डेव्हलपरला घरांच्याच भाषेत बोलू दिलं:

```xml
android:minWidth="250dp"
android:targetCellWidth="4"
android:targetCellHeight="2"
```

१२ आणि पुढच्या आवृत्त्यांत वरचा घरांचा आकडा चालतो, जुन्यांत `minWidth`. त्याच वेळी एका विजेटचे वेगवेगळ्या मापांचे आराखडे एकत्र पाठवायची सोय झाली. लाँचर जागेप्रमाणे त्यातला एक निवडतो. मात्र हे आकडे पहिल्यांदा ठेवतानाच्या मापाचे आहेत. आधी ठेवलेल्या विजेटची नोंद त्यांनी बदलत नाही.

ग्रिड न बदलताही कापाकापी होते, आणि मराठी फोनवर ती पटकन डोळ्यांत भरते. अक्षरांचा आकार वाढवला की मजकूर वाढतो, घर तेवढंच राहतं, आणि ‘बुधवार’चा उकार खालून तुटतो. डिस्प्ले साइज वाढवली तर खुद्द घनताच बदलते: ४२०ची ४८० झाली की तोच पडदा ३६० डीपीचा होतो, आणि प्रत्येक घर आक्रसतं. सध्याची घनता संगणकाला जोडून अशी पाहता येते:

```
adb shell wm density
```

आत्याच्या फोनवर मी विजेट पुन्हा ठेवलं. नव्या नोंदीत त्याला चार घरं मिळाली, शनिवार पूर्ण दिसू लागला, आणि शेजारचा फोनचा आयकॉन खालच्या ओळीत गेला.